माग, बुजरा मुलगा आणि चार वाक्यं : एक बालकथा कशी बांधली

नवीन वर्गात जाऊन काय बोलायचं याचा सराव करणारा लाजाळू मुलगा. या विषयावरची गोष्ट लिहायला बसलं की बहुतेकांची पहिली प्रत एकसारखीच येते. मुलगा आरशासमोर उभा राहतो, अडखळतो, आई धीर देते, शाळेत तो धाडकन बोलून टाकतो, सगळा वर्ग टाळ्या वाजवतो. माझीही पहिली प्रत अशीच होती. ती फेकून दिल्यावर सोलापूरच्या पूर्व भागातली, मागाच्या घरातली एक गोष्ट हाती लागली. ती कशी बांधत गेलो ते इथे पायरी पायरीने सांगतो. गोष्ट आठ ते दहा वर्षांच्या मुलांसाठी आहे, साधारण ९०० शब्दांची. वाचून दाखवायला सात-आठ मिनिटं लागतात. त्याहून लांब गेली तर या वयाची मुलं पंख्याकडे बघायला लागतात.

आधी भीतीचा नेमका क्षण पकडा

'नवीन शाळेची भीती' ही गोष्ट होत नाही, कारण तिला कडा नाही. कागदावर एकच क्षण लिहा. माझा असा होता : सोमवारी पहिला तास, हजेरी झालेली, बाई खांद्यावर हात ठेवून म्हणतात, "चल, नाव सांग सगळ्यांना." बस्स. गोष्ट या क्षणाच्या तीन दिवस आधी, शुक्रवारी दुपारी सुरू होते आणि या क्षणानंतर मिनिटभरात संपते. मधल्या काळात जे काही घडेल ते या क्षणाच्या दिशेने गेलं पाहिजे. गावाकडच्या आठवणी, जुना मित्र, आजीचं पत्र असं सगळं मी लिहिलं होतं, सगळं गेलं.

महिना निवडताना चूक होते. आपल्याकडे शाळा जूनच्या मध्याला उघडते. गोष्ट जूनमध्ये ठेवली तर वर्गात पाच-सहा नवी मुलं असतात आणि आपला मुलगा गर्दीत लपू शकतो. म्हणून मी जुलै घेतला. वर्ग जमलेला, बाकं वाटून झालेली, जोड्या ठरलेल्या, आणि हा एकटाच उशिरा आलेला. महिना पुढे ढकलला एवढंच, पण मुलाच्या अडचणीचं वजन दुप्पट झालं.

तो का आला हे एका ओळीत उरका. माझा मुलगा तासगावकडचा, इयत्ता चौथी. वडिलांचं काम सुटलं म्हणून आई त्याला घेऊन माहेरी, सोलापूरला, मामाकडे आली. खाली मामाचे दोन यंत्रमाग, टॉवेलचे. वर राहायची खोली. नाव सिद्धाराम. आई सोलापूरची, म्हणून सिद्धरामेश्वरांचं नाव. घरी सगळे सिधू म्हणतात. नाव मुद्दाम असं घेतलं की घाबरलेल्या जिभेला 'द्धा' ओलांडताना त्रास व्हावा. 'अजय' असता तर हा खड्डा मिळाला नसता.

लाजाळू म्हणजे नक्की कसा?

मराठीत यासाठी शब्द पुष्कळ आहेत आणि प्रत्येकाची गोष्ट वेगळी होते. लाजाळू मुलगा लक्ष आपल्याकडे आलं की आक्रसतो, पण ते लक्ष त्याला थोडंसं हवंही असतं. मुखदुर्बळ मुलाला काय बोलायचं ते ठाऊक असतं, वेळेवर तोंड उघडत नाही. घुम्या मनातलं बाहेर येऊ देत नाही, आणि लोकांना तो कधीकधी खुनशी वाटतो. भिडस्त मूल नाही म्हणू शकत नाही. बुजरा हा शब्द मात्र गोठ्यातून आलेला आहे. वासरू बुजतं ते माणसाला घाबरून नव्हे, अनोळखी जागेला आणि अचानक झालेल्या हालचालीला. ओळखीच्या कुंपणात तेच वासरू उड्या मारतं.

माझा सिधू बुजरा. गावात तो विहिरीत उडी मारायचा. हे एक वाक्य गोष्टीत आहे आणि ते असणं मला गरजेचं वाटलं, नाहीतर पोर जन्मतःच दुबळं वाटतं. एकदा शब्द ठरला की तो गोष्टीत वापरायचा नाही. मुलांना 'तो फार बुजरा होता' असं सांगितलं की काम संपल्यासारखं वाटतं आणि दिसत काहीच नाही. त्याऐवजी मी असं लिहिलं :

*मामीने विचारलं, "चहा घेणार का रे?" सिधूने आईकडे पाहिलं. आई म्हणाली, "घेईल." मग मामीने विचारलं, "साखर?" सिधूने पुन्हा आईकडे पाहिलं.*

दुसऱ्यांदा आईकडे पाहिलं की ऐकणारी मुलं हसतात. त्यांना समजलेलं असतं.

इथे एक मर्यादा सांगून ठेवतो. घरी भडाभड बोलणारं पण शाळेत महिना उलटूनही एक शब्द न काढणारं मूल असेल, तर ते लाजाळूपण नव्हे; त्याला निवडक मौन म्हणतात आणि त्यासाठी तज्ज्ञाची मदत लागते. तसल्या मुलाची गोष्ट जरूर लिहावी, पण ती तीन दिवसांत सुटलेली दाखवू नये. ऐकणाऱ्यांत तसं एखादं मूल बसलेलं असतं.

सरावाचं वाक्य : खरी मेहनत इथे आहे

मुलगा सराव करतो म्हणजे काय करतो? एकच वाक्य पुन्हा पुन्हा म्हणतो. म्हणजे ते वाक्यच गोष्टीचं मुख्य पात्र झालं. ते त्याच्या तोंडाला मोठं पडलं पाहिजे, थोरल्या भावाचा शर्ट घातल्यासारखं.

मी ते त्याच्या मामेबहिणीकडून लिहून घेतलं. ती सातवीत, निबंधात हुशार :

*"नमस्कार. माझे नाव सिद्धाराम. मी तासगावहून आलो आहे. आपणा सर्वांना भेटून मला आनंद झाला."*

मोठ्याने म्हणून बघा. सगळं व्याकरण बरोबर, आणि चौथीतलं एकही पोर असं बोलत नाही. पोर 'माझे' म्हणत नाही, 'माझं' म्हणतं. आणि 'भेटून आनंद झाला' हे तर भाषणातलं. त्याहून मोठी गंमत 'नमस्कार' या शब्दात आहे. मराठी मुलं एकमेकांना नमस्कार म्हणतच नाहीत. पाहुणे वर्गात आले की सगळे मिळून 'एक साथ नमस्ते' असा सूर लावतात, पण तो मोठ्यांसाठी आणि घोळक्यातून. बरोबरीच्या पोराला भेटल्यावर आपल्याकडे ठरलेला शब्द नाही. 'ए', 'काय रे', 'तुझ्या कंपासमध्ये काय आहे', अशीच ओळख होते.

हे ध्यानात आलं आणि गोष्टीचा कणा सापडला. सिधू ज्या शब्दाचा सराव करतोय तो शब्द मुलांच्या जगात चालतच नाही. चालतं ते काहीतरी दुसरंच, आणि ते त्याला अजून माहीत नाही.

ते दुसरं म्हणजे 'बे'. सोलापुरात 'काय बे', 'कुठं बे' हे रोजचं. सांगलीकडून आलेल्या मुलाला हा शब्द शिवीसारखा लागतो. शुक्रवारी दुपारी मागावरचे काका त्याला विचारतात, "नाव काय बे तुझं?" आणि सिधूला वाटतं, आल्या आल्या आपण काय गुन्हा केला? तो जिन्यावरून पळून वर जातो. हे मी गोष्टीच्या पहिल्याच पानावर ठेवलं, कारण शेवट यावरच उभा आहे.

जागा शोधताना आरसा टाळा

आरसा टाळायचं कारण तो जुना झाला एवढंच नाही. आरशासमोर मूल स्वतःला बघतं, आणि आपली गोष्ट दिसण्याची नसून आवाजाची आहे. मग आवाज लपेल अशी जागा हवी. मागाच्या घरात ती आयती असते. दोन माग चालू असले की शेजारी उभ्या माणसाचंही ऐकू येत नाही. कामगार हातवारे करतात, नाहीतर कानाशी तोंड नेऊन बोलतात. सिधूला बोलायला जगातली सगळ्यात सुरक्षित जागा सापडली : भरपूर आवाजाच्या मधोमध.

माग दाखवताना सगळा माग दाखवू नका. मी एकच गोष्ट घेतली, आडवा धागा नेणारा धोटा. इकडून तिकडे, तिकडून इकडे. धोट्यातली सुताची कांडी संपली की काका ती बदलतात. सिधू कांड्या मोजतो आणि एका कांडीत वाक्य किती वेळा म्हणून होतं ते बघतो. मुलाला वेळ मोजायला घड्याळ दिलं नाही, कांडी दिली. जॅकार्ड, बीम, डबी हे सगळं मला ठाऊक आहे म्हणून गोष्टीत यायला हवं असं नाही.

तीन सराव पुरेत, पण प्रत्येकात काहीतरी मोडलं पाहिजे

पाच-सहा सराव लिहायचा मोह होतो. तिसऱ्यानंतर मुलं कंटाळतात. आणि प्रत्येक सरावात तो थोडा थोडा सुधारत गेला, तर शेवट आधीच कळतो.

पहिला सराव शुक्रवारी रात्री, चादरीत तोंड घालून. जाड सोलापुरी चादर, आत अंधार आणि स्वतःचाच गरम श्वास. कुजबुजत 'सिद्धा' पर्यंत येतो आणि थांबतो. शेजारून मामेबहीण म्हणते, "ए, माझे नाव, माझे! माझं नाही!" इथे मोडलं काय, तर गुपित. आता घरात एकीला तरी कळलंय.

दुसरा सराव शनिवारी, मागाजवळ. आधी तो पुटपुटतो, स्वतःलाच ऐकू येत नाही. मग जरा मोठ्याने, मग आणखी मोठ्याने. शेवटी बेंबीच्या देठापासून ओरडतो आणि काका मान वर करूनही बघत नाहीत. आयुष्यात पहिल्यांदा तो पूर्ण वाक्य मोठ्याने म्हणतो. एका कांडीत अकरा वेळा. हा आनंदाचा भाग आहे, तो घाईने संपवू नका. मी इथे जवळजवळ १५० शब्द दिले.

तिसरा सराव शनिवारीच, संध्याकाळी. तो मी पूर्ण देतो, कारण गोष्टीतली ही जागा मला सर्वांत आवडते :

*"आपणा सर्वांना भेटून," सिधू ओरडला. धोटा डावीकडून उजवीकडे गेला. दिवा विझला. मागाने दोन ठोके घेतले आणि तो थांबला.*

*"मला आनंद झाला!"*

*सगळी गल्ली शांत होती. समोरच्या घरातले माग शांत, मागच्या गल्लीतले शांत. वरच्या मजल्यावर मामीच्या हातातली भाकरी थांबली.*

*काका घाम पुसत म्हणाले, "कशाचा आनंद झाला बे? लाईट गेली म्हणून?"*

लाईट जाणं हे सोलापूरच्या कुठल्याही मुलाला समजावून सांगावं लागत नाही, म्हणून प्रसंग चार ओळींत बसतो. विनोदाला एक धारही आहे. मागावर मजुरी बहुधा जितकं विणलं तितकी. लाईट गेली की काकांची मजुरी थांबते. मी पुढे एवढंच लिहिलं, की काका हसले आणि मग धोट्यातली अर्धी कांडी बघत बसले. मोठा वाचक थांबेल, लहान पुढे जाईल. दोघांचंही बरोबर.

यानंतर काका त्याला शेजारी बसवून विचारतात, "कुणाला भेटायचंय बे?" आणि सिधू सांगतो. दोघं अंधारात बसतात. काका त्याला काहीही शिकवत नाहीत. पहिल्या प्रतीत त्यांनी 'घाबरायचं नसतं' वगैरे सांगितलं होतं. तेव्हा ते शाळेच्या फळ्यावरच्या सुविचारासारखे वाटायला लागले होते. आता ते फक्त पाच वेळा 'बे' म्हणतात, आणि पाचव्या वेळेला सिधू दचकत नाही. या जागी एकच सूचना, 'त्याला आता बेची सवय झाली' असं लिहू नका. दचकला नाही, एवढं पुरे.

कारण खरं आहे का, ते तपासा

माझी कल्पना अशी होती, की मागाजवळ सराव केल्यामुळे सिधू वर्गात भलताच मोठ्याने बोलेल. लिहूनही टाकलं. मग शंका आली. गोंगाटात माणसाचा आवाज आपोआप चढतो हे खरं. एत्येन लोम्बार या फ्रेंच डॉक्टरांनी १९११ साली ते नोंदवलं आणि त्याला त्यांचंच नाव पडलं. पण गोंगाट थांबला की आवाज उतरतोही. एक दिवस मागाजवळ ओरडलं म्हणून सोमवारी शांत वर्गात कुणी ओरडणार नाही. गोष्टीचा शेवट अशा खोट्या कारणावर उभा केला तर मुलांना बोट ठेवता येत नाही, पण पटतही नाही.

दुरुस्ती छोटी निघाली. सिधूने ते वाक्य दोनच प्रकारे म्हटलंय : चादरीत कुजबुजत किंवा मागाजवळ ओरडत. मधला आवाज त्या वाक्याला त्याने कधी लावलेलाच नाही. पाठ झालंय ते ओरडण्यासकट. वर्गात कुजबुज निघाली आणि बाई म्हणाल्या, "मोठ्याने", की त्याच्याकडे दुसरा एकच आवाज उरतो. म्हणून बाईंचं 'मोठ्याने' हे एक वाक्य वाढवलं आणि रविवारचा एक सराव, जो नीट मधल्या आवाजात झाला होता, तो कापला. रविवारी आता तो सिद्धेश्वर तलावाच्या काठी आईबरोबर बसतो आणि वाक्याबद्दल अवाक्षर काढत नाही.

दुसरीकडे, वर्षानुवर्षं मागाच्या घरात वाढलेली मुलं मात्र खरोखर चढ्या आवाजात बोलतात. ती सवय घरातूनच येते, कारण घरात सगळेच तसे बोलतात. या दोन गोष्टी एकमेकींत मिसळू नका. सिधूचा मोठा आवाज एका दिवसाचा आणि एका वाक्यापुरता. वर्गातल्या दुसऱ्या कुणाचा तरी जन्माचा. शेवटी ते दोन आवाज समोरासमोर येतात.

बोली किती ठेवायची

निवेदन साधं प्रमाण मराठीत आणि संवाद बोलीत ठेवले. संवादातही सगळ्यांच्या तोंडी 'बे' टाकू नका. तो बरोबरीच्यांत चालतो, मोठ्याने लहानाला म्हटला तर चालतो. पोर बाईंना किंवा मामाला बे म्हणणार नाही. 'काय करलालास बे' असं अस्सल सोलापुरी क्रियापद मी एकदाच, काकांच्या तोंडी ठेवलं. कोल्हापूर-नागपूरचं मूल एकदा अडखळतं आणि पुढे जातं. दहादा अडखळलं तर पुस्तक मिटतं. आई मात्र भावाशी बोलताना सोलापुरी होते आणि सिधूशी बोलताना पुन्हा सांगलीकडची. हे मी आधी ठरवलं नव्हतं, लिहिताना तसं झालं आणि राहू दिलं.

संवाद तपासायची एक सोपी रीत : 'काका म्हणाले', 'मामी म्हणाली' हे शब्द कागदाच्या पट्टीने झाका आणि वाचा. कोण बोलतंय ते कळत नसेल तर ते वाक्य लेखकाचं आहे, पात्राचं नाही.

वर्ग

वर्गात खलनायक नको. चिडवणारा दांडगा पोरगा घातला, की गोष्ट त्या पोराची होते. खोडून काढायचं दुसरं म्हणजे टाळ्या. चाळीस पोरं एका नव्या मुलाच्या नावासाठी टाळ्या वाजवत नाहीत. बाईंनी वाजवायला लावल्या तरच वाजवतात. हसणं चालेल. कुणी अचानक ओरडलं की मुलं हसतात, त्यात दुष्टपणा नसतो. बाईंनाही फार गोड करू नका, त्यांना हजेरीनंतर गणित घ्यायचं असतं.

वाक्य पूर्ण होऊ द्यायचं का? मी चार प्रकारे लिहून पाहिलं. पूर्ण झालं की भाषण होतं. 'नमस्कार' वरच अडकलं की कीव येते. 'सिद्धाराम' पाशी थांबणं बरोबर वाटलं, कारण जिथे चादरीत अडकला होता तो 'द्धा' तो ओलांडतो, आणि बाकीचं, मामेबहिणीचं, गळून पडतं.

लिहून झाल्यावर दोन-तीन मुलांना वाचून दाखवा आणि कागदाकडे नव्हे, त्यांच्याकडे बघा. माझ्या वाचनात दोन ठिकाणी मुलं सुटली : तलावाचं वर्णन, आणि मामाच्या कर्जाचा परिच्छेद. तलाव दोन वाक्यांवर आणला, कर्ज काढून टाकलं. शेवटी आणखी एक परिच्छेद होता, मधल्या सुट्टीत सिधू कसा सगळ्यांशी खेळला त्याचा. तो वाचायच्या आत एक मुलगी म्हणाली, "संपली ना?" तिचं ऐकलं. आता शेवट असा आहे :

*"मोठ्याने," बाई म्हणाल्या.*

*"नमस्कार! माझं नाव सिद्धाराम!"*

*खिडकीतलं कबुतर उडालं. शेजारच्या वर्गातल्या बाई दारात येऊन बघून गेल्या. सगळा वर्ग हसला.*

*"अरे, हळू. आम्ही इथंच आहोत," बाई म्हणाल्या आणि फळ्याकडे वळल्या. "बस. चौथ्या बाकावर."*

*सिधू बसला. त्याचे कान तापले होते. मागच्या बाकावरून कुणीतरी त्याच्या पाठीला पट्टी टोचली.*

*"घरी माग हाय का बे?" तो पोरगाही ओरडूनच बोलला. बाईंनी वळून पाहिलं.*

*सिधूने मान वळवली.*

*"हाय," तो म्हणाला. "दोन."*